ओळखीचं नाव आणि पहिला मेसेज

«नमस्कार, आम्ही मूळचे वाईचे. तुमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात ना, ते आमच्या हिचे मावसभाऊ.» स्थळाचा पहिला फोन मराठी घरांत वर्षानुवर्षं असाच सुरू होत आला आहे. मुलाचं शिक्षण, नोकरी, पत्रिका हे सगळं नंतर. आधी गाव, मग आडनाव आणि मग दोन्ही घरांना ठाऊक असलेला एखादा माणूस. त्याचं नाव निघालं की पलीकडचा आवाज जरा सैल होतो, कारण आता चौकशी कुठे करायची ते कळलेलं असतं.

हा फोन आता पुष्कळदा मुलगा आणि मुलगीच एकमेकांना करतात. फोनही नव्हे, मेसेज. विवाहसंस्थेच्या साइटवर किंवा अ‍ॅपवर प्रोफाइल दिसतं, आवडतं आणि समोर एक रिकामी चौकट उघडते. तिथे पहिलं वाक्य काय लिहायचं? अशा वेळी प्रोफाइलमधल्या फोटोत एखादा ओळखीचा चेहरा दिसला तर हायसं वाटतं. आता निदान सुरुवातीला काहीतरी आहे! पण याच ठिकाणी पुष्कळांचा पहिला मेसेज फसतो. मध्यस्थाच्या तोंडून जे नाव स्वाभाविक वाटतं, तेच अनोळखी मुलाच्या मेसेजमध्ये कधी बढाईसारखं वाटतं, तर कधी पाठीमागे आपल्याविषयी काहीतरी बोललं गेल्याचा वास त्याला येतो.

सामाईक मित्र हा जगभर जोड्या जमवणारा जुना रस्ता आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ मायकल रोझेनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडपी एकमेकांना कशी भेटली याचा अनेक वर्षांचा तपशील गोळा केला आणि 2019 मध्ये तो प्रसिद्ध केला. तिथल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी मित्रांमार्फत भेटलेल्यांचं प्रमाण 1995 मध्ये 33 टक्के होतं, ते 2017 मध्ये 20 टक्क्यांवर आलं. ऑनलाइन भेटणाऱ्यांचं प्रमाण 39 टक्क्यांपर्यंत चढलं. म्हणजे ओळख करून देण्याचं मित्रांचं काम यंत्रणेकडे गेलं. मित्र मात्र कुठेच गेलेले नाहीत. ओळख झाल्यावर हा माणूस खरा आहे का, हे ठरवायला अजून त्यांनाच विचारावं लागतं.

काही अ‍ॅप्सनी तर सुरुवातीला याच गोष्टीवर भर दिला होता. हिंज हे अ‍ॅप पहिल्या काही वर्षांत फेसबुकवरच्या मित्रांच्या मित्रांमधूनच माणसं सुचवत असे. पुढे केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणानंतर 2018 मध्ये फेसबुकने बाहेरच्या अ‍ॅप्सना मिळणाऱ्या माहितीवर बरेच निर्बंध आणले आणि त्याच वर्षी हिंजने फेसबुकवरून येण्याची अट काढून टाकली. तुमचा आणि तिचा अमुक मित्र सामाईक आहे, हे यंत्राने आपणहून सांगण्याचे दिवस बरेचसे संपले. आता ते माणसाला स्वतः सांगावं लागतं, आणि म्हणूनच कसं सांगायचं हा प्रश्न उभा राहतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, मिहीर ठाण्यात नोकरी करतो. सायली नाशिकला बँकेत आहे. साइटवर सायलीच्या प्रोफाइलमध्ये तिसरा फोटो एका लग्नातला आहे आणि त्यातली नवरी अनघा आहे, जी मिहीरच्या ऑफिसात तीन वर्षं त्याच्या शेजारच्या टेबलावर बसत होती. मिहीरला आनंद होतो आणि त्या भरात तो लिहितो:

«हाय सायली! तू अनघाची मैत्रीण ना? अनघा म्हणजे माझी एकदम खास, आमचं रोज बोलणं असतं. तिच्याकडून तुझ्याबद्दल खूप ऐकलंय. बंगळूरचं पण कळलं, वाईट वाटलं. अनघा तर म्हणते आपलं मस्त जमेल!»

यातलं एकही वाक्य दुष्टपणाचं नाही. मिहीरला जवळीक दाखवायची आहे, एवढंच. पण हे सायलीच्या बाजूने वाचून पाहावं. «खूप ऐकलंय» हे वाचताच तिच्या मनात पहिला प्रश्न येतो: काय ऐकलंय? तिने स्वतः न सांगितलेली माहिती या मुलाकडे आहे आणि किती आहे, ते तिला कळायला मार्ग नाही. बंगळूरच्या उल्लेखाने तर तिच्या नकळत तिचा एक खासगी प्रसंग कुणाच्या तरी गप्पांत येऊन गेल्याचं उघड होतं. त्या क्षणी तिचा राग मिहीरइतकाच अनघावरही निघतो. आणि शेवटच्या वाक्याने तिचं मतही आधीच ठरवून टाकलंय. आता नाही म्हणायचं तर मिहीरला आणि अनघाला, दोघांनाही नाही म्हणावं लागेल.

शिवाय «हाय» आणि «तू». अनघाला दोघंही तू म्हणतात, म्हणून ती दोघं एकमेकांना तू म्हणायला मोकळी झाली असं होत नाही. सामाईक मैत्रिणीची सलगी उसनी घेता येत नाही. पहिल्या मेसेजमध्ये तुम्ही म्हणून सुरुवात करावी. पुढे सायलीने स्वतः तू म्हणायला सुचवलं, तर त्यात जो मोकळेपणा असतो तो आधीच वापरून टाकू नये.

«एकदम खास, रोज बोलणं» या शब्दांचा परिणाम तर प्रयोगातही पाहिला गेला आहे. झुरिक विद्यापीठात कार्मेन लेबहर्त्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सहभागी झालेल्यांना एका अनोळखी जोडीदाराकडून स्वतःची ओळख करून देणारा ईमेल येत असे. काही ईमेलांत टेनिसपटू रॉजर फेडररचा उल्लेख होता, आणि लिहिणाऱ्याचं त्याच्याशी नातं वेगवेगळं दाखवलं होतं. कुणी नुसता चाहता, तर कुणी थेट त्याचा मित्र. नातं जितकं जवळचं सांगितलं तितका लिहिणारा वाचणाऱ्याला कमी आवडला, आणि कमी कर्तबगारही वाटला. कारण हा माणूस आपल्यावर छाप पाडू पाहतोय, हे वाचणाऱ्याला जाणवत होतं.

अनघा फेडरर नाही, हे खरं. तरी «माझी खास» म्हणताना मिहीर तेच करतो आहे. नावापेक्षा नात्याची जवळीक पुढे सरकवतो आहे. त्याच जागी त्याने साधा, तपासता येईल असा तपशील दिला असता तर? «अनघा आणि मी ठाण्याच्या ऑफिसात तीन वर्षं एकत्र काम केलं.» यात जवळीक किती, याचा दावा नाही. पण सायलीने अनघाला विचारलं तर ती लगेच हो म्हणेल. फुशारकी आणि ओळख यांतली रेघ बहुतेक वेळा इथेच असते. विशेषणं आली की ती फुशारकी होते. ठिकाण आणि काळ आला की ती ओळख राहते.

मग नाव घ्यावं तरी कशाला? वाचणाऱ्या व्यक्तीला लिहिणाऱ्याची खातरजमा करता यावी, एवढ्यासाठीच. सायलीला अनघाकडून मिहीरबद्दल विचारता यावं, हाच त्या नावाचा उपयोग. मिहीरला अनघाकडून सायलीबद्दल काय कळलं, हा त्याचा उपयोग नव्हे. माहितीची वाट एकाच दिशेने वाहती ठेवली की चुगलीचा प्रश्नच उरत नाही. ही दिशा एकदा ध्यानात आली की काय लिहायचं आणि काय गाळायचं, ते आपोआप ठरत जातं.

म्हणून सायलीला लिहिण्याआधी अनघाला लिहावं लागतं. ही पायरी बहुतेक जण गाळतात, कारण एखाद्या मेसेजसाठी कशाला परवानगी, असं वाटतं. पण नाव अनघाचं आहे आणि सायलीचा फोनही तिलाच येणार आहे. मिहीरने तिला असं काही लिहावं:

«अनघा, साइटवर सायलीचं प्रोफाइल पाहिलं. तुझ्या लग्नातला फोटो आहे त्यात. तिला लिहावं म्हणतोय. तुझं नाव घेतलं तर चालेल का? तिने तुला फोन केला तर माझ्याबद्दल खरं वाटतं ते सांग. तिच्याबद्दल मात्र मला काही सांगू नकोस, ते तिच्याकडूनच कळू दे.»

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. ते नसेल तर अनघा प्रेमापोटी सांगत सुटते. सायली किती चांगली आहे, बंगळूरहून का परत आली, घरचे कसे आहेत. चांगल्या हेतूने सांगितलेलं असलं तरी एकदा ऐकलं की ते विसरता येत नाही. पुढे गप्पांत ज्या गोष्टी सायलीने आपणहून सांगायच्या, त्या मिहीरला आधीच ठाऊक असतात आणि त्याला आश्चर्याचं नाटक करावं लागतं. असं नाटक पुढे कधीतरी उघडं पडतंच.

अनघाच्या उत्तराकडेही नीट पाहावं. «अरे वा, बिनधास्त घे नाव, मी सांगते तिला तू कसा आहेस ते» हे सरळ हो आहे. «थांब, आधी मी तिच्या कानावर घालते» हे त्याहून चांगलं, कारण मग मेसेज येण्याआधीच सायलीला नाही म्हणायची संधी मिळते, तीही आपल्या मैत्रिणीपाशी. «बघ, घे हवं तर» याचा अर्थ मात्र नाही असा धरावा. अशा थंड उत्तरामागे कारण काहीही असू शकतं आणि ते खोदून विचारायचं नसतं.

कारणांपैकी एक नेहमीचं आहे. फोटोत एकत्र दिसणारी माणसं आजही मैत्रीत असतीलच असं नाही. मानसशास्त्रज्ञ फ्रिट्स हायडर यांनी 1946 मध्ये तीन माणसांच्या नात्यांविषयी एक कल्पना मांडली, तिचा इथे उपयोग होतो. तिघांतली नाती जुळती असावीत अशी माणसाच्या मनाची ओढ असते. मला अनघा आवडते आणि अनघाला मिहीर आवडतो, तर मिहीरही मला बरा वाटू लागतो. पण सायलीचं अनघाशी मधल्या काळात बिनसलं असेल तर? हीच ओढ उलटी चालते. ज्या अनघाशी मी बोलत नाही तिचा हा खास माणूस, म्हणजे तो मला नकोच. ओळखीच्या नावाने मेसेजला ऊब येते ती केवळ अशी. मधल्या माणसाविषयी वाचणाऱ्याचं जे मत असेल, ते चांगलं असो वा वाईट, लिहिणाऱ्याकडे सरकतं. ते मत काय आहे हे मिहीरला माहीत नाही. अनघाला ते बऱ्यापैकी माहीत असतं, आणि तिचं थंड उत्तर बहुधा तेच सांगत असतं.

मित्रयादीत किंवा इन्स्टाग्रामवर दोघांच्या यादीत नाव दिसलं, एवढ्यावर मैत्री गृहीत धरणं याहून धोक्याचं. कॉलेज सुटल्यावर दहा वर्षं न बोललेली माणसंही त्या यादीत असतात. वर पुन्हा हा दुवा कसा सापडला हे सांगायची वेळ आली, तर तिच्या यादीतली नावं चाळत बसलो होतो असं सांगावं लागतं, आणि ते कुणाला आवडेल? तिने स्वतः प्रोफाइलमध्ये ठेवलेल्या फोटोत अनघा दिसली, हे सांगणं सोपं आहे, कारण तो फोटो तिने दाखवण्यासाठीच ठेवला आहे.

आता पुन्हा मेसेज. अनघाने मनापासून हो म्हटलं आहे, तिच्याकडून सायलीबद्दल काही ऐकलेलं नाही. सायलीच्या प्रोफाइलमध्ये लिहिलंय की तिला पक्षीनिरीक्षणाची आवड आहे आणि सुटीच्या दिवशी ती नांदूर मध्यमेश्वरला जाते.

«नमस्कार सायली, मी मिहीर, ठाण्यात असतो. तुमच्या प्रोफाइलमधल्या लग्नाच्या फोटोत अनघा दिसली. तिने आणि मी तीन वर्षं एकाच ऑफिसात काम केलं. तिला विचारूनच तिचं नाव घेतोय. तुमच्याबद्दल तिच्याशी बोलणं झालेलं नाही, पण माझ्याबद्दल तिला जरूर विचारा. नांदूर मध्यमेश्वरचं वाचून लिहावंसं वाटलं. मी आजवर फक्त भिगवणला रोहित पाहिलेत, तेही लांबून. नांदूरला पहिल्यांदा जायचं तर कोणता महिना बरा? उत्तर सवडीने द्या. जुळण्यासारखं वाटलं नाही तर तसं कळवलंत तरी चालेल, ते आपल्या दोघांतच राहील.»

मेसेज लांब नाही, आणि तरी त्यात अनघाला दिलेली जागा मोजकी आहे. फोटोत कशी दिसली, ओळख कुठली, परवानगी घेतली, बोलणं काय झालं नाही. एवढं होताच ती बाजूला होते आणि मेसेज सायलीने स्वतः लिहिलेल्या गोष्टीकडे वळतो. उत्तर द्यायचं तर ते पक्ष्यांविषयी द्यायचं आहे, अनघाविषयी नाही. हे वळण घेतलं नाही तर संभाषण दोघांच्या सामाईक मैत्रिणीवरच घुटमळत राहतं आणि दोन्हीकडे तिसऱ्याच माणसाविषयी बोलणं होतं.

«बोलणं झालेलं नाही» हे वाक्य खरं असेल तरच लिहावं. अनघा आधीच बरंच बोलून गेली असेल तर «अनघाशी तुमच्याबद्दल थोडं बोलणं झालं, तपशील मी विचारले नाहीत» असं लिहिलेलं बरं. सायली पुढे अनघाला विचारणारच आहे. तिथे दोन वेगवेगळी उत्तरं निघाली, तर ज्या नावाने विश्वास यायचा त्याच नावाने तो जातो. आणि ऐकलेल्या गोष्टीचं काय करायचं? ती मेसेजमध्ये आणायची नाही, आडून विचारायचीही नाही. «आधी कुठल्या शहरात होता का?» हा प्रश्न उत्तर ठाऊक असताना विचारणं हे पाळत ठेवण्यासारखंच आहे. सायलीने पुढे कधी आपणहून बंगळूरचा विषय काढला, तर हे ओझरतं कानावर आलं होतं, एवढं सरळ सांगून तिचं ऐकावं.

काहींना वाटतं, एवढी उस्तवार करण्यापेक्षा अनघाचं नावच घेऊ नये. पहिल्या मेसेजपुरतं ते चालतं. पण बोलणं पुढे गेलं, भेट ठरली, आणि मग सायलीला अनघाकडूनच कळलं की हा तर तिच्या शेजारी बसत होता! आता तिला प्रश्न पडतो की हे इतके दिवस का सांगितलं नाही. लपवण्यासारखं काहीच नसतानाही ते लपवल्यासारखं दिसतं. दुवा जवळचा असेल तर तो लवकर सांगितलेला बरा. दुवा दूरचा असेल, म्हणजे भावाच्या मित्राची कुणी वर्गमैत्रीण वगैरे, तर तो सोडून दिला तरी काही बिघडत नाही. उलट असे लांबचे धागे ओढून आणले की वाचणाऱ्याला त्यात खटपट दिसते.

नाव कोणतं लिहायचं, हाही बारीक पण खरा प्रश्न आहे. ऑफिसात अनघाला सगळे अन्नू म्हणत असतील, पण सायलीसाठी ती अनघाच असेल. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर सायलीला माहेरचं आडनाव चटकन कळेल. ज्या नावाने वाचणारी व्यक्ती त्या माणसाला ओळखते, ते नाव लिहावं. आपल्या वापरातलं लाडकं नाव लिहिलं की पुन्हा तीच जवळीक मिरवल्यासारखी होते.

आणखी एक गोष्ट मराठी घरांत विसरून चालत नाही. प्रोफाइल मुलीच्या नावाने असलं, तरी ते आई, वडील किंवा मोठा भाऊ सांभाळत असू शकतो. बऱ्याच साइटवर प्रोफाइल कुणी तयार केलं तेही लिहिलेलं असतं, ते आधी वाचावं. तिथे आई असेल तर मेसेज «नमस्कार काकू» असा सुरू होतो आणि त्यातला अनघाचा उल्लेख वेगळ्या नजरेने वाचला जातो. मुलीची मैत्रीण या मुलाला कशी ओळखते? दोघांचं आधीच काही बोलणं झालंय का? म्हणून अशा वेळी ऑफिसचा संबंध आणि «सायलीशी माझी ओळख नाही» हे पहिल्याच दोन ओळींत स्पष्ट करावं. आणि अनघालाही कल्पना द्यावी, कारण कदाचित तिला फोन येईल तो सायलीचा नव्हे, सायलीच्या आईचा. बंगळूरबद्दलची ओळ अशा हातांत पडली असती तर काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको. मुलीने घरी न सांगितलेली गोष्ट परक्या मुलाच्या मेसेजमधून घरी पोहोचली असती.

फोन नंबरचंही तसंच. अनघाकडे सायलीचा नंबर आहे, तो मागून थेट व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिणं सोपं आहे. पण तो नंबर सायलीने अनघाला दिला होता, मिहीरला नाही. साइटवर भेटलेल्या व्यक्तीला साइटवरच लिहावं. नंबर तिने दिला की मग पुढचं.

मेसेज मिळणाऱ्या व्यक्तीने ओळखीचं नाव वाचून लगेच विश्वास ठेवावा का? नाही. फेसबुकवरची मित्रयादी अनेकांनी सगळ्यांना दिसेल अशी ठेवलेली असते आणि तिथून एखादं नाव उचलून मेसेजमध्ये टाकणं फसवणाऱ्यांना मुळीच अवघड नाही. विवाहविषयक साइटवरच्या गैरप्रकारांमुळे केंद्र सरकारने जून 2016 मध्ये या साइटसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात वापरणाऱ्यांची ओळख पडताळण्याचा समावेश आहे. पण साइटने पडताळणी केली तरी ती कागदपत्रांची असते. माणसाची पडताळणी अनघाच करू शकते. तिला आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करावा. मेसेजमध्ये कुणी «हा घे अनघाचा नवा नंबर» म्हणून दिलेल्या नंबरवर करू नये. आणि विचारावं ते इतकंच: हा तुझ्या ओळखीचा आहे का, किती काळ, आणि नाव घेण्याआधी त्याने तुला विचारलं होतं का. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून त्या मुलाच्या वागण्याबद्दल बरंच कळतं.

समजा सायलीने उत्तर दिलं, नांदूरला डिसेंबर-जानेवारीत या म्हणून सांगितलं. दोन-तीन मेसेज झाले. आता अनघा पुन्हा डोकावते, कारण दोघांनाही ठाऊक असलेला तोच एक विषय आहे. मिहीरला आठवतं की अनघा ऑफिसात रोज उशिरा यायची आणि साहेबांना काय काय कारणं सांगायची. सांगावं का? गंमत म्हणून सांगण्यासारखं आहे. पण इथे एक विचित्र गोष्ट घडते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन स्कोव्रोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवून दिलं की माणूस दुसऱ्याचं जे वर्णन करतो, तो गुण ऐकणाऱ्याच्या मनात नकळत वर्णन करणाऱ्यालाच चिकटतो. वर्णन तिसऱ्याच माणसाचं आहे हे उघड असलं तरी. मिहीर म्हणतो अनघा वेळ पाळत नाही, थापा मारते. सायलीच्या मनात मात्र बेभरवशाचा म्हणून मिहीरचीच प्रतिमा थोडी गडद होते. चुगलीचा तोटा असा सांगणाऱ्याच्याच पदरात पडतो. याचीच दुसरी बाजूही त्या संशोधनात होती: चांगलं बोललं तर तेही सांगणाऱ्याला चिकटतं. प्रोजेक्ट अडला तेव्हा अनघा रात्री उशिरापर्यंत थांबून मदत करायची, ही आठवण सांगायला म्हणूनच हरकत नाही. तीही एकदाच.

आणि उत्तर आलंच नाही तर, किंवा नाही आलं तर? मिहीरला अनघाकडे जाऊन «तिला विचार ना काय झालं» म्हणावंसं वाटेल. «आपल्या दोघांतच राहील» असं त्याने लिहून दिलेलं आहे, त्यामुळे ती वाट बंद आहे. अनघानेच विचारलं तर «नाही जमलं» एवढं उत्तर पुरतं. न आलेल्या उत्तरासाठी सात-आठ दिवसांनी एक छोटा मेसेज करता येतो, पण त्यात अनघाचं नाव दुसऱ्यांदा येऊ नये, कारण दुसऱ्यांदा आलेलं नाव आठवण राहत नाही, दडपण होतं. त्या दुसऱ्या मेसेजमध्ये नांदूरला जाऊन आलो तर काय दिसलं ते लिहावं, आणि तेवढ्यावर थांबावं.